संक्रांतीची एक ओळ: थकबाकीच्या पत्राखाली "गोड बोला" कसं लिहायचं?

कृष्णाकाठ

मी तालुक्याच्या गावातल्या एका पतसंस्थेत आहे. कर्जविभागाची पत्रं आणि ईमेल माझ्याकडे असतात, आणि दारातल्या फळ्यावर सणाची ओळ लिहिण्याचं कामही माझंच. संक्रांतीच्या आठवड्यात प्रत्येक ईमेलच्या तळाशी, नाव-हुद्द्याच्या खाली, एक ओळ टाकायची आमच्याकडे पद्धत आहे. मी लागल्यापासून ती एकच आहे: "तिळगूळ घ्या, गोड बोला."

गेल्या जानेवारीत ट्रॅक्टरच्या कर्जाचे दोन हप्ते थकलेल्या एका सभासदाला मी नेहमीचं स्मरणपत्र पाठवलं. दोन दिवसांनी ते स्वतः आले. फोन काउंटरवर ठेवला, पत्र वर सरकवत सरकवत शेवटापर्यंत नेलं आणि त्या ओळीवर बोट ठेवलं. म्हणाले, "हप्ता मागा ताई, तो तुमचा हक्क आहे. पण मी बोलायचं कसं, तेही आता तुम्हीच सांगणार का?" आवाज अजिबात चढवला नाही. ती ओळ मी शेकडो वेळा चिकटवली असेल, वाचली मात्र त्या दिवशी पहिल्यांदा.

यंदा संक्रांत बुधवारी, 14 तारखेला आहे. सोमवारी सकाळपर्यंत मला दोन ओळी हव्या आहेत, एक ईमेलला आणि एक फळ्याला. फळा चार फूट बाय तीन फूट, काळा, खडूने लिहायचा. ओळ सभ्य हवी, कुणाला टोचायला नको, आणि लोकांच्या फोनवर सकाळी सहापासून येऊन पडतात तशीही नको.

गजानन_ल

सही मराठीतच करावी. मी तीस वर्षं बँकेत मराठीत सही करतोय, एकदाही चेक परत आला नाही. कुणी नाही म्हणालं तर लेखी मागा.

कृष्णाकाठ

काका, चेकवरची सही नाही. ईमेल पाठवला की तळाशी आपोआप नाव, हुद्दा, फोन नंबर येतो ना, त्याच्या खालची ओळ.

गजानन_ल

असं होय. मग आहे त्या ओळीत वाईट काय? आमच्या आजीपासून सगळे तेच म्हणत आलेत. त्या गृहस्थांचा हप्ता थकला होता, राग हप्त्याचा होता, निघाला ओळीवर.

चंद्रकोर

ही घ्या: "तिळाचा स्नेह आणि गुळाचा गोडवा आपल्या आयुष्यात नांदो." स्नेह म्हणजे तेलही आणि मायाही. सभ्य आहे, आज्ञाही नाही.

बंगळूरकर

चंद्रकोर, कल्पना खरंच छान आहे, पण मला दर वर्षी हीच ओळ विमा कंपनी, गॅसवाले आणि दोन नगरसेवकांकडून येते. तिसऱ्या वेळेला डोळा तिच्यावरून घसरतो.

जुनी_आवक

मी नगरपालिकेच्या आवक-जावक विभागातून निवृत्त झालो. गजाननराव म्हणतात तसा राग हप्त्याचा असेलही, पण ओळीचाही दोष आहे, आणि तो कुठे आहे ते सांगतो.

"तिळगूळ घ्या, गोड बोला" हे वाक्य हातावर हात असताना म्हणायचं आहे. धाकट्याने तिळगूळ द्यायचा, वाकून नमस्कार करायचा. थोरल्याने तो तोंडात टाकायचा आणि आपल्या डब्यातला त्याच्या हातावर ठेवून तेच वाक्य परत म्हणायचं. दोघंही एकमेकांना "गोड बोला" म्हणतात, म्हणून ते कुणालाच आज्ञेसारखं लागत नाही. ईमेलमध्ये तिळगूळही नाही आणि उलट म्हणणारा माणूसही नाही. उरतं ते फक्त "बोला", तेही ज्याच्या हातात वसुली आहे त्याने ज्याचा हप्ता थकलाय त्याला म्हटलेलं.

आम्ही ऑफिसात एक साधी परीक्षा करायचो. ओळ सुचली की ती त्या आठवड्यातल्या सगळ्यात अवघड तीन पत्रांखाली लिहून मोठ्याने वाचायची. ताई, तुमच्याकडे ती तीन अशी असतील: थकबाकीचं स्मरणपत्र, कर्ज नामंजूर झाल्याचं पत्र, आणि वारलेल्या सभासदाच्या वारसाला पाठवलेली कागदपत्रांची यादी. तिन्हीखाली वाचताना जीभ अडखळली नाही तरच ओळ सगळीकडे लावा. एकाखाली जरी अडखळली, तर त्या पत्राला ओळच नको.

कृष्णाकाठ

वारसाचं पत्र. हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. गेल्या संक्रांतीला अशी दोन पत्रं गेली होती. कुणी काही बोललं नाही, पण ओळ त्यांच्याखालीही असणारच.

नानामामा

मुळात संक्रांतीच्या शुभेच्छा देतच नाहीत. पंचांग उघडून बघा. संक्रांत ही देवी आहे, ती एका वाहनावर बसून येते, कुठून कुठे जाते ते दिलेलं असतं, आणि ती जे वस्त्र नेसते, जे खाते ते त्या वर्षी महागतं. ती ज्या दिशेला जाते तिकडे त्रास. म्हणून तर "अमक्यावर संक्रांत आली" असं म्हणतात. आणि दुसरा दिवस किंक्रांत, करिदिन, त्या दिवशी शुभकार्य करत नाहीत. तेव्हा "संक्रांतीच्या हार्दिक शुभेच्छा" हे मुळातच चूक. तिळगूळ द्यावा आणि गप्प बसावं.

शुद्धमती

नानामामा, पंचांगातलं वर्णन तुम्ही बरोबर सांगितलंत. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र मला पटत नाही. भोगी, संक्रांत, किंक्रांत हे तीन दिवस घराघरात सणासारखेच साजरे होतात. नव्या नवरीची पहिली संक्रांत, बाळाचं बोरन्हाण, हे सगळं आनंदाचंच आहे. शुभेच्छा देण्यात गैर काही नाही.

पण तुमच्या बोलण्यातून ताईंनी एक गोष्ट जरूर घ्यावी. मराठीत "संक्रांत" शब्दाला वाईट अर्थ चिकटलेला आहे आणि तो पुसता येत नाही. हा शब्द वाक्यात कुठे बसतो ते बघावं लागतं. "संक्रांतीचा तिळगूळ", "संक्रांतीच्या शुभेच्छा" इथे तो निर्धोक आहे, कारण पुढे चांगला शब्द येतो. पण तो एकटा कर्ता झाला आणि पुढे "येणे" आलं, की अर्थ उलटतो. एका शाळेच्या फळ्यावर मी स्वतः वाचलंय: "बुधवारी आपल्या शाळेवर संक्रांत!" लिहिणाऱ्या मुलीच्या मनात पतंगांचा कार्यक्रम होता. पतसंस्थेच्या दारात "संक्रांत आली आपल्या दारी" असं चुकूनही लिहू नका.

गजानन_ल

जप्तीचा भोंगाच ऐकू आला मला.

नानामामा

शुद्धमतीबाई, बोरन्हाण रथसप्तमीपर्यंत कधीही करतात, ते संक्रांतीचंच असं नाही. माझं मत कायम आहे. बाकी "येणे"चा मुद्दा मान्य.

बंगळूरकर

इकडे कन्नडमध्ये अगदी हेच वाक्य आहे: "एळ्ळु बेल्ल तिंदु ओळ्ळे माताडि." तीळगूळ खा आणि चांगलं बोला. तेही आज्ञार्थीच, पण कुणाला लागलेलं मी पाहिलं नाही, कारण म्हणणाऱ्याच्या हातात वाटी असते. जुनी_आवक यांचं बरोबर आहे.

माझ्या ऑफिसात मात्र वेगळी अडचण आहे. एकाच आठवड्यात कुणाची लोहरी, कुणाचा पोंगल, कुणाचा बिहू, गुजरात्यांचं उत्तरायण. वरून जो मेल येतो त्यात सगळी नावं तिरक्या रेघा मारून एका ओळीत लावलेली असतात, रेल्वेच्या वेळापत्रकासारखी. त्यात स्वतःचा सण शोधायचा आणि मेल बंद करायचा.

गेल्या वर्षी मी माझ्या ईमेलखाली लिहिलं: "आज माझ्या टेबलावर एळ्ळु-बेल्ल आहे, तिसरा मजला, खिडकीजवळ." तीळ, गुळाचे बारीक तुकडे, सुक्या खोबऱ्याचे काप, शेंगदाणे आणि डाळं. बायको चार दिवस आधीपासून खोबरं कापत होती. दुपारपर्यंत डबा रिकामा. ज्यांच्याशी दोन वर्षं फक्त ईमेलवर बोललो होतो, ते तीन जण पहिल्यांदा टेबलाशी उभे राहिले. ओळीत ना शुभेच्छा होती, ना कवितेचा शब्द. वस्तू कुठे ठेवलीय एवढंच होतं.

जुनी_आवक

हे मला फार आवडलं. ताजेपणा शब्दांच्या खेळातून येत नाही, तो त्या जागेतून आणि त्या दिवसातून येतो. "तिसरा मजला, खिडकीजवळ" हे दुसऱ्या कुणाला उचलून वापरताच येणार नाही.

रोहिणी_प

थोडं विषयाला सोडून आहे, पण सूचनाफलकाचंच आहे म्हणून लिहिते.

आमच्या सोसायटीत दर वर्षी फलकावर येतं: "हळदीकुंकू. सर्व सुवासिनींनी अगत्याने यावे." माझे यजमान जाऊन सहा वर्षं झाली. हा फलक लिफ्टच्या शेजारी आहे. आठवडाभर सकाळी कामाला जाताना आणि संध्याकाळी परत येताना, लिफ्ट खाली येईपर्यंत मी तीच ओळ वाचते. लिहिणाऱ्या वहिनी मनाने खूप चांगल्या आहेत, माझ्या आजारपणात डबा द्यायच्या. त्यांना कुणाला दूर ठेवायचं नाही. त्यांनी फक्त आधीच्या वर्षीचा कागद बघून लिहिलं.

सभ्य ओळ म्हणजे काय, असं तुम्ही विचारलंत. मला वाटतं, ती ओळ कोण कोण वाचणार आहे याची आधी मनात यादी करावी.

शुद्धमती

रोहिणीताई, हे विषयाला सोडून अजिबात नाही. त्या सूचनेतला एकच शब्द बदलायचा आहे: "सर्व भगिनींनी अगत्याने यावे." किंवा सरळ "सर्वांनी". ओळ तेवढीच राहते.

नानामामा

हळदीकुंकू हा सुवासिनींचाच विधी आहे. शब्द बदलून विधी कसा बदलेल?

रोहिणी_प

नानामामा, घरातला विधी ज्याने त्याने आपल्या रीतीने करावा, त्याबद्दल मी काहीच म्हणत नाही. पण आमच्याकडे वर्गणी सगळ्या घरांकडून घेतात, माझ्याकडूनही. वाण म्हणून स्टीलच्या वाट्या आणल्या होत्या, त्या मीच बाजारातून उचलून आणल्या होत्या.

नानामामा

वर्गणी घेतली असेल तर बोलावणंही सगळ्यांना हवं. हे मी मान्य करतो.

हलव्याचा_काटा

आमच्या घरी आई आणि मावशी हलव्याचे दागिने करतात. डिसेंबरपासून घरात परात, शेगडी आणि पाक. लोकांना वाटतं हलवा साच्यातून निघतो. तसं नाही. परातीत तीळ किंवा खसखस किंवा साबुदाणा घ्यायचा, खाली अगदी मंद आच, आणि एकतारी पाकाचे चार थेंब टाकून हाताने हलवत राहायचं. कोरडं झालं की पुन्हा चार थेंब. असं दिवसचे दिवस. घाई करून पाक जास्त टाकला तर दाणे एकमेकांना चिकटतात आणि गोळा होतो. आच वाढली तर पांढरा रंग जातो. थंडी चांगली पडली तर काटा सुरेख फुलतो, ढगाळ दमट हवेत मात्र दाणा गुळगुळीतच राहतो. आईच्या बोटांची टोकं जानेवारीत सोललेली असतात.

यावरून मला सुचलं: "काटा हलव्याला शोभतो, बोलण्याला नाही." चालेल का?

चंद्रकोर

वा! हीच घ्या ताई. ईमेलला पण हीच आणि फळ्यालाही हीच.

जुनी_आवक

ओळ उत्तम आहे, म्हणूनच जपून लावावी लागेल. थकबाकीच्या पत्राखाली वाचून बघा. "आपले दोन हप्ते थकले आहेत... काटा हलव्याला शोभतो, बोलण्याला नाही." म्हणजे पुन्हा "नीट बोला" हेच झालं, फक्त जास्त सुंदर शब्दांत. सुंदर शब्दांत सांगितलेली आज्ञा जास्त लागते.

ही ओळ काउंटरच्या आतल्या बाजूला लावा, जिथे ती कर्मचाऱ्यांना दिसते. तिथे ती आपली आपल्याला सांगितलेली असेल.

हलव्याचा_काटा

हे मला पटलं. आईला दाखवते. तिला आवडेल की ती वसुलीवाल्यांच्या समोर लागली.

कृष्णाकाठ

काल रात्री बसून चार प्रयत्न केले आणि प्रत्येक ओळ तीन पत्रांखाली वाचून पाहिली. सांगते.

पहिला: "तिळगूळ आमच्याकडून, गोड बोलण्याची सुरुवातही आमच्याकडून." आज्ञा गेली, हे बरं झालं. पण "आमच्याकडून" दोनदा येतं.

दुसरा: "यंदा गोड बोलण्याची सुरुवात आमच्याकडून." लहान झाली. ठेव-पावतीच्या पत्राखाली छान वाटली. थकबाकीच्या पत्राखाली मिस्टरांना वाचायला दिली, तर ते म्हणाले, "सुरुवात गोड, म्हणजे शेवट कसा?" आणि "यंदा" म्हटलं की गेल्या वर्षी आम्ही कडू बोलत होतो असंही निघतं.

तिसरा: "शाखेत तिळगूळ ठेवला आहे, जरूर या." बंगळूरकरांच्या डब्यावरून सुचली. ही मला सगळ्यात आवडली. पण थकबाकीदाराला पतसंस्थेने "जरूर या" म्हणणं म्हणजे बोलावणं धाडल्यासारखं.

चौथा तर लिहिताना मीच खोडला.

तेव्हा आता मला असं वाटू लागलंय की थकबाकी, नामंजुरी आणि वारस या तिन्ही पत्रांना ओळच नको. पण ईमेलला ती आपोआप लागते, मी प्रत्येक वेळी पुसायची लक्षात ठेवीन याची मला खात्री नाही. संध्याकाळी पाच वाजता एका दमात पंचवीस पत्रं जातात.

टायपिस्ट_दादा

यावर सोपा उपाय आहे. जीमेल वापरत असाल तर सेटिंगमध्ये एकापेक्षा जास्त तळओळी ठेवता येतात. एक "साधी" नावाची करा, फक्त नाव-हुद्दा-फोन. दुसरी "संक्रांत" नावाची, त्यात सणाची ओळ. मग खाली `Signature defaults` असं दिसेल, तिथे नव्या ईमेलला आणि उत्तराला कुठली लागावी ते वेगवेगळं निवडता येतं. दोन्हीकडे "साधी" ठेवा. म्हणजे ओळ आपोआप लागणारच नाही. जिथे हवी तिथे तुम्ही लिहिताना खालच्या पेनाच्या चिन्हावरून "संक्रांत" निवडायची. विसरलात तरी फार तर एखाद्याला शुभेच्छा जाणार नाहीत, नको त्याला जाणार नाहीत हे नक्की.

अजून दोन गोष्टी. ओळ युनिकोडमध्येच टाइप करा. बऱ्याच ऑफिसांत अजून जुन्या फाँटमध्ये टाइप करून चिकटवतात, आपल्या मशीनवर मराठी दिसतं आणि समोरच्याला इंग्रजी अक्षरांचा खिचडा. आणि तिळगुळाचं चित्र करून त्यावर ओळ लिहू नका. पुष्कळ ठिकाणी ईमेलमधली चित्रं आधी बंद असतात, मग शुभेच्छेच्या जागी रिकामी चौकट दिसते. पाठवायच्या आधी स्वतःच्या आणि घरातल्या एका जुन्या फोनवर पाठवून बघा. एका ओळीची दोन होत असेल तर दोन शब्द कमी करा.

कृष्णाकाठ

दादा, हे उद्याच करते. उलटं लावायचं हे सुचलंच नव्हतं, मी पुसण्याचाच विचार करत होते.

शुद्धमती

एक राहिलं. "तिळगुळ" की "तिळगूळ"? मराठी शब्दांत शेवटचं अक्षर अकारान्त असेल तर त्याच्या आधीचा उकार दीर्घ, म्हणून गूळ, आणि म्हणून तिळगूळ. विभक्ती लागली की ऱ्हस्व: गुळाचा, तिळगुळाचा.

गजानन_ल

आमच्या बाजारात सगळ्या पाट्यांवर "तिळगुळ" आहे. पाटी वाचून लोक घेतातच की.

शुद्धमती

घेतात, पण पतसंस्थेच्या फळ्यासमोरून शाळेची मुलं जातात.

उत्तरायण

कुणी "आजपासून उत्तरायण" असं काही लिहिणार असेल तर थांबा. सूर्याचं उत्तरेकडे वळणं 21-22 डिसेंबरलाच होऊन जातं. संक्रांत म्हणजे सूर्याचा मकर राशीत प्रवेश, आणि तो दिवस हळूहळू पुढे सरकतो आहे. विवेकानंदांचा जन्म 1863 सालच्या मकर संक्रांतीचा, आणि ती तारीख 12 जानेवारी होती. आता 14 किंवा 15 असते. तेव्हा तारीख लिहिताना जुन्या वर्षीचा कागद बघू नका, त्या वर्षीचं पंचांग बघा.

बंगळूरकर

फळ्याला खगोलशास्त्र नको, पण तारखेचा मुद्दा कामाचा आहे. ओळ कधी काढायची ते कुणी बोललंच नाही. मी एका ऑफिसच्या ईमेलखाली मार्चमध्ये "नववर्षाभिनंदन" वाचलंय, आणि तो पाडवा नव्हता.

जुनी_आवक

संक्रांतीचं बरं आहे, तिला स्वतःची मुदत आहे. तिळगूळ रथसप्तमीपर्यंत देतात. यंदा ती 25 जानेवारीला, रविवारी. ती तारीख ओळीतच घालता येते का बघा. मग ओळ शिळी व्हायच्या आत कधी उतरवायची ते तीच सांगते.

कृष्णाकाठ

सरकारी कार्यालयांत 14 ते 28 जानेवारी मराठी भाषा संवर्धन पंधरवडा असतो, म्हणून आमचे साहेब म्हणत होते की ओळ 28 पर्यंत ठेवू. मी तुमचं रथसप्तमीचं सांगते.

चंद्रकोर

मग फळ्याला: "तिळगूळ आत ठेवला आहे, रथसप्तमीपर्यंत."

जुनी_आवक

चंद्रकोर, जवळ आलात. "ठेवला आहे" म्हटल्यावर वाचणारा दारातच थांबतो, आपण घ्यायचा की नाही हे त्याला कळत नाही. "घ्या" हा शब्द परत आणा. फळ्याला तो शोभतो, कारण इथे तिळगूळ खरंच आहे. फक्त "गोड बोला" गाळा.

रोहिणी_प

आणि "सर्वांसाठी" घाला. काम नसलेला माणूस पतसंस्थेत शिरायला बिचकतो.

कृष्णाकाठ

सोमवार, सकाळी साडेनऊ. हे आत्ता फळ्यावर लिहून आले:

"आत सर्वांसाठी तिळगूळ आहे. रथसप्तमीपर्यंत केव्हाही घ्या."

पहिला भाग वर मोठ्या अक्षरांत, दुसरा खाली. पहिल्यांदा लिहिलं तेव्हा "तिळगूळ"मधला दीर्घ ऊकार बारीक आला आणि रस्त्यावरून दिसेना, म्हणून पुसून अक्षर वितीएवढं केलं. शिपाईमामांनी रस्त्यापलीकडे उभं राहून वाचून दाखवलं. बरणी काउंटरच्या ग्राहकाकडच्या बाजूला ठेवली आहे, आमच्या बाजूला नाही. म्हणजे कुणाला आमच्याकडे मागावा लागणार नाही.

ईमेलला, फक्त ठेवीच्या आणि चौकशीच्या पत्रांना: "संक्रांतीनिमित्त आपणास व घरच्यांना आम्हा सर्वांचा तिळगूळ." टायपिस्ट दादांनी सांगितल्याप्रमाणे दोन्हीकडे "साधी" लावली आहे. ओळ साधीच आहे, मला ठाऊक आहे, पण तिन्ही पत्रांखाली वाचली तेव्हा वारसाच्या पत्राखालीच अडली, म्हणून तिथे नाही. थकबाकीच्या पत्राखाली खरं तर चालली असती. तिथे लावायची की नाही यावर साहेबांचं आणि माझं अजून एक झालेलं नाही. ते म्हणतात, थकबाकीदार सभासदच आहे, त्याला तिळगुळातून वगळायचं का? रोहिणीताईंचं लिहिणं वाचल्यापासून मलाही ते खोडता येत नाही.

काट्याची ओळ काउंटरच्या आत चिकटवली आहे. वसुलीच्या पाटलांनी दोनदा वाचली.

नानामामा

वारसाच्या पत्राला ओळ नाही हे उत्तम केलंत. त्या घरात वर्षभर सण नसतो. थकबाकीदाराला मात्र द्या. तिळगुळात हिशेब बघत नाहीत.

गजानन_ल

मी नको म्हणतो. वेळ काढून लिहिलेलं वसुलीचं पत्र आणि खाली तिळगूळ, ते गृहस्थ पुन्हा फोन घेऊन येतील. ते दारात आले की हातावर द्या, आणि तेव्हा "गोड बोला"ही म्हणा.

रोहिणी_प

आमच्या फलकाच्या वहिनींना काल संध्याकाळी जिन्यात गाठलं. काही बोलायच्या आधीच डोळ्यांत पाणी आलं माझ्या. त्या म्हणाल्या, "अगं, मी बघितलंच नाही." कागद अजून तोच आहे, नवा छापून आणते म्हणाल्यात.

कृष्णाकाठ

रोहिणीताई, कागद बदलला की इथे लिहा.

दुपारी दीड. बरणीतला निम्मा तिळगूळ संपला, बहुतेक शाळेच्या मुलांनी. रथसप्तमी रविवारी आहे, त्याच्या आधीचा शनिवार चौथा म्हणून आम्हाला सुट्टी, तेव्हा फळा शुक्रवारी 23 तारखेला संध्याकाळी पुसायचा असं शिपाईमामांना सांगून ठेवलंय. ते म्हणाले, बरणी रिकामी झाली तर आधीच पुसू का? मी म्हटलं, नाही, बरणी भरू.